कॅबिनेटमधली हवा कुणाच्या तोंडावर येते?

नमस्कार मंडळी. सुरू करायच्या आधी एक विचारते, तुमच्यापैकी कुणाकुणाच्या लॅबमध्ये बायोसेफ्टी कॅबिनेट आहे, हात वर करा बरं. चांगलंय, बरेच हात आले. आता दुसरा प्रश्न. त्याच्यासमोर बसल्यावर हवा तुमच्या तोंडावर येते का तुमच्याकडून आत जाते? बघा, काही हात खाली यायलेत.

ज्यांच्या तोंडावर हवा येते त्यांच्याकडं कॅबिनेट नाही, लॅमिनार आहे. दिसायला दोन्ही सारखंच, स्टीलचं टेबल, पुढं काच, वर ट्यूबलाइट, निळी यूव्ही, त्यामुळं ऑर्डर देणाऱ्यालाही कळत नाही आणि विकणारा तर काय, तो दोन्हीला लॅमिनारच म्हणतो. लॅमिनारमध्ये पंखा खोलीतली हवा ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि ती स्वच्छ हवा टेबलावरून सरळ तुमच्या छातीवर सोडतो. तिकडं नांदेडच्या बाजूला अर्धापूरला केळी आहे, केळीच्या टिश्यू कल्चरवाल्यांना हेच पाहिजे असतं, कारण केळीच्या कोंबाला माणसापासून वाचवायचं असतं, माणसाला कोंबापासून नाही. मीडिया ओतायलाही लॅमिनार एकदम चांगलं. पण त्याच टेबलावर पेशंटचं थुंकी किंवा ब्लड कल्चरची बाटली उघडली की जे काही उडेल ते फिल्टर केलेल्या हवेसोबत अगदी सरळ रेषेत तुमच्या नाकात. म्हणजे उघड्या टेबलापेक्षाही वाईट, कारण उघड्या टेबलावर निदान कुणी मुद्दाम पंखा लावून तुमच्याकडं ढकलत नाही.

आज मी सगळं शिकवत बसणार नाही, वेळही नाही आणि ते तुमच्या पुस्तकात आहे. एकच सँपल घेऊ आणि त्याच्या मागं मागं जाऊ. समजा धाराशिवच्या बाजूचा एक शेळीवाला आहे, उस्मानाबादी शेळ्या, तीसेक असतील. महिनाभर त्याला ताप येतो नि जातो, संध्याकाळी चढतो, घाम येतो, कंबर धरते, मलेरिया नाही, टायफॉइडच्या गोळ्या खाऊन झाल्या. कुणीतरी डॉक्टर ब्लड कल्चर पाठवतो. फॉर्मवर फक्त "ताप" लिहिलंय. मागच्या दोन महिन्यांत चार शेळ्या गाभडल्या हे कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं नाही म्हणून लिहिलंही नाही. तुम्हाला कळलं असेल मी कशाबद्दल बोलायलेय. ब्रुसेला.

आता ब्रुसेला हा रिस्क ग्रुप ३ मधला जंतू. रिस्क ग्रुप ठरवताना साधारण हे बघतात, की माणसाला किती वाईट आजार होतो, एकाकडून दुसऱ्याला आणि गावभर किती पसरतो, आणि आपल्याकडं त्याच्यावर औषध किंवा लस आहे का. ग्रुप १ म्हणजे दह्यातले लॅक्टोबॅसिलस, ब्रेडचं यीस्ट, निरोगी माणसाला सहसा काही करत नाहीत. ग्रुप २ म्हणजे तुमचं रोजचं काम, स्टॅफ ऑरियस, हिपॅटायटिस बी असले. ग्रुप ३ मध्ये टीबी, ब्रुसेला, आजार गंभीर पण सहसा उपचार आहे. ग्रुप ४ म्हणजे इबोला, निपाह, आजारही भयंकर आणि हातात फारसं काही नाही. आपल्याकडं ही यादी केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागानं २०१७ ला काढलेल्या नियमावलीत आहे.

इथं सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो असा की लोकांना वाटतं ग्रुप ३ चा जंतू म्हणजे बीएसएल-३, म्हणजे बायोसेफ्टी लेव्हल ३ ची खोली, ग्रुप २ म्हणजे बीएसएल-२, आकडा आकड्याला जुळवला की झालं काम. तसं नाही. ग्रुप हा जंतूचा असतो आणि लेव्हल ही कामाची. याच शेळीवाल्याचं सिरम आलं आणि तुम्ही रोझ बेंगॉल प्लेट टेस्ट करायलात, गुलाबी थेंबात सिरम मिसळून गुठळ्या दिसतात का बघायलात, तर ते बीएसएल-२ च्या शिस्तीत नेहमीसारखं करता येतं. हातमोजे, अॅप्रन, दार बंद, पिपेटला तोंड नाही, कचरा ऑटोक्लेव्हला. पण त्याच माणसाच्या रक्तातून प्लेटवर कॉलनी आली आणि तुम्ही तिला लूप लावायलात, तर तेच काम बीएसएल-३ च्या शिस्तीत जातं. जंतू तोच, माणूस तोच, पण रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये मोजके जंतू होते आणि त्या टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनीत ते लाखोंनी आहेत, शिवाय तुम्ही त्यांना हलवायलात. टीबीचंही असंच, थुंकीचा साधा स्मिअर खेळती हवा असलेल्या खोलीत टेबलावर करता येतो, पण कल्चर उघडून औषधांची टेस्ट लावायची म्हटलं की वेगळी बंदिस्त खोली लागते. कोविडमध्ये तुम्ही बघितलंच की, आरटीपीसीआर बीएसएल-२ मध्ये चालत होतं, आणि तोच व्हायरस वाढवायचा म्हटलं की बीएसएल-३.

जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०२० च्या चौथ्या आवृत्तीत आकड्यांचा हा जोर कमीच केला. आता ते म्हणतात आधी कामाचा धोका मोजा, मग ठरवा की मूळ नियम पुरतात का जास्तीचे लागतात. मला हे पटतं. अर्थात आपल्याकडं टेंडरमध्ये अजून बीएसएल-२, बीएसएल-३ असंच लिहितात आणि लिहिणारही, त्यामुळं तेही माहीत पाहिजे. थोडक्यात सांगायचं तर दोनमध्ये दारावर बायोहॅझार्डचं चिन्ह, हात धुवायला बेसिन, ऑटोक्लेव्ह आणि जिथं काही उडू शकतं तिथं कॅबिनेट. तीनमध्ये त्याच्यावर खोलीचीच भर पडते, एकामागं एक दोन दारं, हवा कायम बाहेरून आत, आणि बाहेर सोडायच्या आधी गाळलेली. चारमध्ये माणूस हवेची नळी लावलेल्या सूटमध्ये, नाहीतर काम पूर्ण बंद पेटीत. पुण्याच्या एनआयव्हीत तशी लॅब आहे. ती तुमच्या-माझ्या रोजच्या कामाची नाही, म्हणून पुढं जाऊ.

बाटलीकडं येऊ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मशीन बीप देतं. टेक्निशियन नेहमीसारखं टेबलावर बसून एक थेंब काढतो, ग्रॅम करतो. स्लाइडवर काय दिसतं? फिकट गुलाबी, अगदी बारीक, वाळू सांडल्यासारखे दाणे. घाईत बघितलं तर डाग वाटतात, कधीकधी निळसर रंग धरतात आणि लोक कोकाय म्हणून सोडून देतात. प्लेटवर टाकलं, दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी इवल्याइवल्या कॉलनी. आता इथून खरी गडबड. तो प्लेट उघडतो, वास घेऊन बघतो, कारण सुडोमोनासचा वास येतो हे त्याला कुणीतरी शिकवलंय. मग कॅटॅलेज लावतो. स्लाइडवर कॉलनी, वर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब, मस्त बुडबुडे. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणून खूश. पण तो बुडबुडा फुटला म्हणजे काय झालं? त्याच्या पातळ पडद्याचे बारीक तुषार हवेत उडाले, त्यातलं पाणी क्षणात सुकलं आणि पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण तरंगत राहिले, ते खाली बसत नाहीत, डोळ्याला दिसत नाहीत, आणि श्वासातून थेट फुफ्फुसाच्या तळाला जातात. ब्रुसेलाचे दहा ते शंभर जंतू एवढ्यानं पुरतात. मग तो सस्पेन्शन करतो, व्होर्टेक्सवर फिरवतो, ऑटोमॅटिक मशीनच्या कार्डात भरतो, आणि मशीन म्हणतं मोराक्सेला किंवा ऑक्रोबॅक्ट्रम. हे खरंच होतं, काही मशीनच्या यादीत ब्रुसेला नीट नसतो, म्हणून जवळचं नाव छापून मोकळं होतं.

यात कुठं काही फुटलं? कुठं सांडलं? सुई टोचली? काहीच नाही. हेच लक्षात घ्या. रॉबर्ट पाइक नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९७६ ला लॅबमध्ये लागण झालेल्या ३,९२१ केसेस गोळा करून मांडल्या होत्या, त्यात ब्रुसेला सगळ्यात वर होता, आणि एकूण केसेसपैकी वीस टक्क्यांपेक्षा कमी केसेसमध्ये अमुक अपघात झाला असं सांगता आलं. बाकीच्यांना नेमकं कशानं झालं सांगता येईना. नेहमीचं काम करत होते, एवढंच.

आणि ब्रुसेलाचा ताप लगेच येत नाही. दोन-चार आठवड्यांनी येतो, कधी पाच-सहा महिन्यांनी. तोवर टेक्निशियन विसरलेला असतो, तो म्हणतो लग्नात जेवणाचं बाधलं असेल.

आता कॅबिनेट. आपण ज्याला कॅबिनेट म्हणतो ते क्लास टू, त्यातही बहुतेक ए-टू टाइप. समोर काच, काचेखाली वीसेक सेंटिमीटरची फट, त्यातून हात आत. त्या फटीच्या खाली, टेबलाच्या पुढच्या कडेला एक जाळी आहे. सगळी जादू त्या जाळीत आहे, आणि आपण तिच्यावरच रजिस्टर ठेवतो.

हवा कशी फिरते ते नीट ऐका, एकदा डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. आतला पंखा खोलीतली हवा समोरच्या फटीतून ओढतो, सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगानं. ही हवा आत आल्याबरोबर त्या पुढच्या जाळीत खाली पडते. तुमच्या सँपलपर्यंत ती पोचतच नाही. टेबलाच्या खालून मागं जाते, मागच्या भिंतीच्या पोकळीतून वर चढते, आणि वरच्या खोक्यात पोचते. तिथं दोन हेपा फिल्टर आहेत. सुमारे तीस टक्के हवा एका फिल्टरमधून गाळून बाहेर जाते. उरलेली सत्तर टक्के दुसऱ्या फिल्टरमधून गाळून खाली टेबलावर येते, सरळ, सावकाश, सगळीकडून सारखी. ही गाळलेली हवा टेबलाजवळ आली की दुभंगते, अर्धी पुढच्या जाळीत, अर्धी मागच्या जाळीत.

म्हणजे पुढच्या जाळीत दोन हवा एकत्र पडायल्यात, बाहेरून आलेली खोलीची आणि वरून आलेली स्वच्छ. जिथं त्या दोन भेटतात तोच तुमचा पडदा. बाहेरची हवा आत जायलीय म्हणून आतलं तुमच्या तोंडावर येत नाही, हे माणसाचं रक्षण. वरून स्वच्छ हवा पडायलीय म्हणून तुमच्या बाहीवरची बुरशी प्लेटवर पडत नाही, हे सँपलचं. आणि बाहेर जाणारी तीस टक्के गाळून जाते म्हणून शेजारी बसलेल्यालाही त्रास नाही. जेवढी तीस टक्के बाहेर जाते तेवढीच समोरून आत ओढली जाते, त्यामुळं हिशोब कायम जुळलेला लागतो. आत ओढणारी हवा जोरात झाली आणि वरची कमी पडली तर खोलीची धूळ जाळी ओलांडून प्लेटवर जाते. उलटं झालं, वरची जोरात आणि ओढ कमी, तर आतली हवा फटीतून बाहेर सांडते, तुमच्या मांडीवर. दोन्ही वेळेला पंख्याचा आवाज तसाच येतो, लाइट तशीच लागते, समोर बसलेल्याला काही म्हणजे काही कळत नाही.

बाकीचे क्लास पटकन सांगते. क्लास वन म्हणजे चुलीवरचं धुराडं, हवा समोरून आत आणि गाळून वर, माणूस वाचतो पण खोलीची धूळ सगळी सँपलवरून जाते. क्लास थ्री म्हणजे हवाबंद पेटी, जाड रबरी मोजे पेटीलाच जोडलेले, त्यातून हात घालून काम. आणि क्लास टू मध्येच बी-टू म्हणून एक येतं, त्यात हवा परत फिरतच नाही, सगळी डक्टमधून बाहेर, कारण हेपा कण अडवतो, वाफ आणि गॅस अडवत नाही. तुम्ही ए-टू मध्ये बसून क्लोरोफॉर्म किंवा फिनॉल उघडलं तर ते आरामात फिल्टरमधून आरपार जाऊन परत तुमच्याच खोलीत येतं. तेवढं लक्षात ठेवा.

हेपाबद्दल एक जण नेहमी विचारतो, मॅडम फिल्टर ०.३ मायक्रॉनला ९९.९७ टक्के अडवतो, मग व्हायरस तर त्याच्यापेक्षा लहान, तो निसटत असेल ना? नाही. हेपा चाळणीसारखा चालतच नाही. मोठा कण वळणावर वळू शकत नाही आणि धाग्याला आदळतो. अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भटकतो आणि भटकता भटकता धाग्याला चिकटतो. मधला, ०.३ च्या आसपासचा, तो ना नीट आदळतो ना नीट भटकतो, म्हणून तो पकडायला सगळ्यात अवघड, आणि म्हणून टेस्ट त्याच्यावर करतात. त्याच्यापेक्षा लहान आणि मोठे दोन्ही जास्तच अडतात.

आता आपल्याकडची गोष्ट. मे महिना, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, लॅबमध्ये एसी आहे पण बंद, मग काय करतो आपण? कूलर. आणि कूलर कुठं ठेवतो? काम करणाऱ्याच्या पाठीमागं, कारण त्यालाच घाम येतो. आता विचार करा, तुमचा हवेचा पडदा सेकंदाला अर्ध्या मीटरचा. नुसता माणूस मागून चालत गेला तरी तो सेकंदाला एक मीटरच्या वर चालतो आणि त्याच्या मागं हवा ओढली जाते, तेवढ्यानंही पडदा हलतो. कूलरचा झोत तर त्याच्या कितीतरी पट. तो फटीतून आत घुसतो, टेबलावर आपटतो आणि आतलं घेऊन बाजूनं बाहेर येतो. कॅबिनेट चालू आहे, गेजचा काटा बरोबर आहे, आणि तुम्ही तरी उघड्यावरच काम करायलात. सीलिंग फॅनचंही तसंच, दार सारखं उघड-बंद होतंय तर त्याचंही तसंच. म्हणून कॅबिनेट दारापासून, खिडकीपासून लांब, ये-जा नसलेल्या कोपऱ्यात, आणि काम चालू असताना पंखा-कूलर बंद. उकडतं, मान्य आहे मला. मग काम सकाळी आठला करा, दुपारी तीनला कशाला उघडता कल्चर?

दुसरं व्होल्टेज. शेतीची मोटर सुरू झाली की लाइट मंद होते तुमच्याकडं? तशीच कॅबिनेटची मोटरही मंद होते. नवीन मॉडेलमध्ये वेग सांभाळायची सोय असते आणि कमी झाला तर अलार्म वाजतो, जुन्यात नसते. आणि लाइट गेलीच तर? पडदा त्या क्षणी गेला. पंखा फिरत फिरत थांबतो तेवढे काही सेकंद. तेव्हा नळी उघडी असेल तर झाकण लावा, हात सावकाश काढा, काच पूर्ण खाली, आणि खोलीतून बाहेर. "एवढी एक प्लेट संपवते" नाही. लाइट आल्यावर पाच मिनिटं रिकामं चालू द्या, पुसून घ्या, मग बसा. खरं म्हणजे कॅबिनेट यूपीएसवर पाहिजे. कॉम्प्युटरला यूपीएस आणि कॅबिनेटला नाही, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय आणि मला त्याचं हसावं का रडावं कळत नाही.

मग आपल्या शेळीवाल्याची बाटली नीट कशी उघडायची? फॉर्म बघून डॉक्टरला एक फोन करा, जनावरं आहेत का, गाभडलीत का. नाही कळलं तरी हरकत नाही, पॉझिटिव्ह झालेली प्रत्येक बाटली कॅबिनेटमध्येच उघडायची अशी सवय लावली की फोनवर अवलंबून राहावं लागत नाही. कॅबिनेट चालू करा, गेज बघा, रोजचा आकडा भिंतीवर लिहिलेला पाहिजे म्हणजे आज काही वेगळं आहे का कळतं. काचेच्या खालच्या कडेला टिश्यू पेपरची एक पट्टी धरा, ती आत झुकली पाहिजे. तेवढ्यानं कॅबिनेट पास झालं असं नाही, पण पट्टी बाहेर आली किंवा लटकून राहिली तर नापास नक्की. पाच मिनिटं थांबा. टेबल पुसा. सगळं लागणारं एकदाच आत ठेवा, स्लाइड, प्लेटा, डिस्पोजेबल लूप, हायपोक्लोराइटचा डबा, टाकायची पिशवी, सगळं आत, कारण दर वेळी हात बाहेर काढला की पडदा फाटतो. स्वच्छ एका बाजूला, खराब दुसऱ्या बाजूला, आणि काम मधोमध, जाळीपासून चार बोटं नाही, चांगलं दहा सेंटिमीटर आत. स्टूल एवढं उंच की काचेची खालची कड तुमच्या काखेच्या रेषेत येईल, म्हणजे तोंड काचेच्या मागं राहतं.

हात सरळ आत न्या आणि एक मिनिट काही करू नका. बाह्यांवरून हवा धुऊन जाऊ द्या, पडदा परत बसू द्या. हे मिनिट कुणी पाळत नाही. मग बाटलीतून थेंब, स्लाइडवर पातळ पसरा, तिथंच सुकू द्या, मेथॅनॉलनं फिक्स करा, आचेवर नाही. बर्नर आत पेटवायचाच नाही, त्याची गरम हवा वर उसळते आणि वरून येणारी सरळ हवा विस्कटते, फिल्टरलाही धोका, म्हणून तर प्लास्टिकचे लूप. प्लेटवर रेघा ओढा, प्लेट टेपनं बंद करा, म्हणजे दुसऱ्या कुणी सवयीनं उघडून वास घेणार नाही. आणि स्लाइडवर ती बारीक वाळू दिसली की तिथंच थांबा. कॅटॅलेज नाही, मशीन नाही, सस्पेन्शन नाही. युरिएज काही मिनिटांत गुलाबी होतं हा मोठा इशारा आहे, पण तेही कॅबिनेटमध्येच. पुढचं काम ज्यांच्याकडं बीएसएल-३ ची सोय आहे त्यांच्याकडं पाठवा, बाटलीवर "ब्रुसेलाचा संशय" असं मोठ्या अक्षरात लिहून. ते लिहिलं नाही तर तुम्ही तुमचा धोका फक्त कुरिअरनं दुसऱ्याच्या टेबलावर पाठवला.

कॅबिनेटमध्ये थेंब सांडला तर पंखा बंद करायचा नाही, उलट चालूच ठेवायचा. कागद टाका, वर हायपोक्लोराइट ओता, अर्धा तास थांबा, मग उचला. डोकं आत घालून पुसायचं नाही. जाळीतून खाली गेलं असेल तर खालचा ट्रेही त्याच औषधानं धुवा.

आणि उघड्यावर काम झाल्यावर कळलं की ब्रुसेला होता, तर? घाबरून लपवू नका, यादी करा. प्लेट कुणी उघडली, वास कुणी घेतला, त्या टेबलापासून दीड मीटरच्या आत कोण होतं. त्यांना डॉक्टर साधारण तीन आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन देतात, कुणाला द्यायचं, कुणी गरोदर आहे का, हे डॉक्टरच ठरवतील. रक्ताची तपासणी त्याच दिवशी आणि मग सहा-सहा आठवड्यांनी, चोवीस आठवड्यांपर्यंत. औषधासोबत रोज तापही लिहायचा. त्या सहा महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी ब्रुसेलाची प्लेट हाताळलीय.

आता तपासणीचं थोडं. कॅबिनेट बसवल्यावर, हलवल्यावर, फिल्टर बदलल्यावर आणि काही नाही झालं तरी वर्षातून एकदा तपासून घ्यायचं. हलवल्यावर म्हणजे शेजारच्या खोलीत ढकललं तरी, कारण फिल्टरच्या कडेचं सील धक्क्यानं उघडतं आणि मग फिल्टर कितीही चांगला असो, हवा कडेनं जाते. इंजिनिअर आला की तो काय करतो ते उभं राहून बघा. नुसता वेगमापक धरला, चार आकडे लिहिले आणि सर्टिफिकेट चिकटवलं, तर ती तपासणी अर्धी. पूर्ण तपासणीत तो फिल्टरच्या अलीकडं तेलाचे बारीक तुषार सोडतो आणि पलीकडून इंच इंच फिल्टर नि त्याच्या कडा तपासतो, सोडलेल्याच्या ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त कुठं निघालं की ती जागा फुटकी. शिवाय धूर सोडून दाखवतो की फटीतून एकही वेटोळं बाहेर येत नाही. फिल्टर खोलायच्या आधी कॅबिनेटचं फ्युमिगेशन झालंय का हे मात्र तुमचं काम, नाहीतर आपलं सगळं साठलेलं त्या बिचाऱ्या पोराच्या अंगावर.

प्रश्न घेते आता. एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, रात्रभर यूव्ही लावून ठेवलं तर पुसायची गरज आहे का? आहे. यूव्ही समोर दिसेल तेवढ्यावरच पडतो, सावलीत नाही, आणि ट्यूबवर धूळ बसली, आपल्याकडं तर बसतेच, की निळा उजेड दिसत राहतो पण मारायची ताकद कमी झालेली असते. पुसणं हेच खरं काम. आणि यूव्ही चालू असताना समोर बसू नका, रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं.

मागच्या रांगेतले दादा, तुम्ही पशुवैद्यकीयवाले ना, बोला. बरं, तुम्ही म्हणताय गाभडलेलं वासरू किंवा वार गोणीत घालून शेतकरी लॅबमध्ये आणून ठेवतो, त्याचं काय करायचं. हा चांगला प्रश्न आहे, कारण मघाशी मी म्हणाले की कच्चं सँपल बीएसएल-२ मध्ये चालतं आणि कल्चरला तीन, तर वार हा त्याला अपवाद आहे. वारेत आणि गर्भाच्या पोटातल्या पाण्यात ब्रुसेला एवढा साठलेला असतो की ते सँपल जवळजवळ कल्चरच समजायचं, म्हणून त्यालाही तीनचीच शिस्त. गोणी लॅबमध्ये उघडायची नाही, टेबलावर तर नाहीच. शक्य असेल तर शेतकऱ्याला पूर्ण वासरू आणायलाच लावू नका, गोठ्यातच मोजे, मास्क, चष्मा घालून लहान तुकडा घट्ट झाकणाच्या डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात, बाहेरून पुसून, बर्फावर, आणि उरलेलं चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना मिळता कामा नये. आणि ज्या बाईनं ती गोणी हातानं उचलून रिक्षात टाकली तिचंही नाव-गाव लिहून घ्या, रक्त तिचंही तपासायचंय.